गोषवाऱ्यात तुमचा अभ्यास कुठे आहे?

*खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी शिकवते आणि कोल्हापूरहून एम.एड. करते. लघुशोधप्रबंधाचा विषय आहे बेळगाव जिल्ह्यातल्या मराठी माध्यमाच्या शिक्षकांची डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना शिकवण्याची सज्जता. ४० शाळांतल्या १२० शिक्षकांकडून ३६ विधानांची 'बरोबर, चूक, माहीत नाही' अशी मापनी आणि आत्मविश्वासाची १० विधानं भरून घेतली. तिसरी ते पाचवीच्या १२ वर्गांचं निरीक्षणही केलं. आमच्याकडे प्रशिक्षण बहुतेक वेळा कन्नडातून होतं, तेही विचारून घेतलं होतं. गोषवारा ३०० शब्दांत हवा आहे. मी लिहिलेला गोषवारा गाइड सरांनी 'यात तुझं काय आहे?' एवढंच लिहून परत केला. मसुदा सोबत जोडला आहे. नेमकं काय चुकलं, आणि नीट कसा लिहू?*

— एक शिक्षिका, खानापूर तालुका

ताई,

सरांचा शेरा तुटक आहे, पण बोट नेमकं दुखऱ्या जागी ठेवलंय. पेन्सिल घ्या आणि मसुद्यातलं जे वाक्य साताऱ्याच्या किंवा लातूरच्या कुणाच्याही प्रबंधात जसंच्या तसं खपून जाईल, ते खोडत चला. 'शिक्षण हा प्रत्येक बालकाचा मूलभूत हक्क आहे' हे गेलं. 'समावेशक शिक्षण ही काळाची गरज आहे' हेही गेलं. डिस्लेक्सियाची व्याख्या, कायद्याचा परिच्छेद, 'शिक्षक हा समावेशनाचा कणा आहे' हे सगळं गेलं. अर्ध्याहून जास्त पान पुसलं जातं. उरतं ते एवढंच: ४० शाळा, १२० शिक्षक, 'प्रशिक्षित व अप्रशिक्षित शिक्षकांत सार्थक फरक आढळला', 'शिक्षक पुरेसे सज्ज नसल्याचे दिसून आले' आणि 'शासनाने प्रशिक्षण द्यावे'. फरक कशात, किती आणि कुणाच्या बाजूने, ते नाही. सज्ज नाहीत म्हणजे त्यांना नेमकं काय येत नाही, तेही नाही. आणि तुमच्या अभ्यासातली सगळ्यात वेगळी गोष्ट, प्रशिक्षण कन्नडातून आणि वर्ग मराठीतून, ती तुम्ही पत्रात लिहिलीत पण गोषवाऱ्यात एका शब्दानेही आणली नाहीत.

याचं कारण बहुतेकांच्या बाबतीत एकच असतं. गोषवारा पहिल्या प्रकरणावरून लिहिला जातो. तो चौथ्या प्रकरणातल्या तक्त्यांवरून लिहायचा असतो. तक्ते समोर ठेवून आधी निष्कर्षांची चार-पाच वाक्यं लिहा. मग ते कसे मिळाले याची तीन वाक्यं लिहा. त्यानंतर हे आधी कुणाला का माहीत नव्हतं याचं एक वाक्य, आणि ते सगळ्यांच्या वर नेऊन ठेवा. शिफारस शेवटी, तीही एखाद्या तक्त्याला चिकटलेली. मौखिक परीक्षेला येणारे परीक्षक गोषवारा वाचतात आणि त्यातला एखादा दावा धरून थेट तक्ता उघडतात. दावा आणि तक्ता जुळला नाही की पुढचा अर्धा तास तिथेच जातो.

आता 'सज्जता' या शब्दाकडे येऊ, कारण तुमचा मसुदा खरा तिथे घसरलाय. तुम्ही तीन वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत: शिक्षकाला काय माहीत आहे, आपल्याला हे जमेल असं त्याला किती वाटतं आणि वर्गात तो प्रत्यक्ष काय करतो. मसुद्यात या तिन्हींची बेरीज होऊन 'सज्ज नाहीत' असं एक वाक्य झालंय. पण या तिन्ही गोष्टी एकत्र चालतीलच असं नाही. ज्याला डिस्लेक्सियाबद्दल फारसं माहीत नाही, त्याला बऱ्याचदा 'मला जमेल' असंच वाटतं, कारण काय जमवायचंय याचा त्याला अंदाज नसतो. तुमच्या तक्त्यांत माहितीचे गुण आणि आत्मविश्वासाचे गुण यांचा सहसंबंध काढला असेल तर तो आकडा गोषवाऱ्यात हवाच. काढला नसेल तर आज काढा, दोन स्तंभांचं काम आहे. तो शून्याच्या आसपास आला, तर प्रशिक्षणानंतर 'आता आत्मविश्वास वाढला का?' असा अभिप्राय-फॉर्म भरून घेण्याला काही अर्थ उरत नाही, आणि असं तुम्ही पुराव्यानिशी म्हणू शकता.

माहितीची मापनी तुम्ही सोरियानो-फेरेर आणि एचेगाराय-बेंगोआ यांची वापरली आहे. तिच्यात 'माहीत नाही' हा तिसरा पर्याय मुद्दाम ठेवलेला आहे, आणि तुम्ही मात्र फक्त बरोबर उत्तरांची टक्केवारी दिलीत. चुकीचं उत्तर आणि 'माहीत नाही' यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्याला माहीत नाही त्याला सांगितलं की काम भागतं. ज्याचा ठाम गैरसमज आहे त्याचा आधी तो गैरसमज काढावा लागतो, आणि ते एका दिवसाच्या कार्यशाळेत होत नाही. तेव्हा बरोबर, चूक आणि माहीत नाही, असे तिन्ही आकडे द्या. मापनीचे तीन भागही वेगळे दाखवा: सामान्य माहितीची १७ विधानं, लक्षणं आणि निदानाची १०, उपाययोजनेची ९. डिस्लेक्सिया म्हणजे काय हे माहीत असणं वेगळं आणि सोमवारी सकाळी वर्गात काय करायचं हे माहीत असणं वेगळं. सरासरी काढली की हा फरक बुजतो.

या मापनीच्या मराठी रूपाबद्दल गोषवाऱ्यात एक वाक्य लागेल. ती रोमन लिपीत वाचणाऱ्या मुलांचा विचार करून बनली आहे. अक्षरं आणि शब्द उलटे दिसणं यावरचं तिच्यातलं विधान रोमन 'b' आणि 'd' डोळ्यांपुढे ठेवून वाचलं तर पटकन समजतं. देवनागरीत आरशातल्यासारख्या जोड्या जवळपास नाहीत. आपल्याकडे गोंधळ होतो तो भ-म, घ-ध, थ-य, ब-व यांसारख्या सारख्या वळणाच्या अक्षरांत, आणि त्याहून जास्त चिन्हांच्या जागेत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारायची व्यंजनानंतर आणि लिहायची त्याच्या आधी. रफार उच्चारायचा आधी आणि बसवायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. कन्नडात तोच 'र्' अर्कावत्तू होऊन अक्षराच्या उजवीकडे जातो. एकच ध्वनी, दोन लिप्या, दोन जागा, आणि मूल दोन्ही एकाच आठवड्यात शिकतंय. तुम्ही ते विधान जसंच्या तसं भाषांतरित केलं असेल, तर आलेली उत्तरं शिक्षकांचा गैरसमज दाखवतात की विधानच कळलं नाही, हे सांगता येणार नाही. बदललं असेल तर 'देवनागरीनुसार एका विधानात बदल केला' असं लिहा. उलट भाषांतर करून ताडून पाहिलं असेल आणि पथदर्शी चाचणी घेतली असेल तर तेही अर्ध्या वाक्यात येऊ द्या. बरोबर-चूक प्रकारच्या विधानांची विश्वसनीयता केआर-२० ने काढतात. आत्मविश्वासाच्या श्रेणी-मापनीसाठी क्रोनबाख अल्फा. तुमच्या मसुद्यात ४६ विधानांचा मिळून एकच अल्फा दिलाय, तो काढून टाका. दोन वेगळ्या गोष्टींचा एक आकडा काहीच सांगत नाही.

यापुढची चूक सर्रास होते आणि परीक्षकांना ती हमखास सापडते. मसुद्यात लिहिलंय, 'निरीक्षण केलेल्या वर्गांत डिस्लेक्सिया असलेले ३१ विद्यार्थी आढळले.' ते कुणी ठरवलं? शिक्षकांनी नावं दिली, एवढंच ना? मग ते 'शिक्षकांच्या मते वाचनात सातत्याने अडखळणारे विद्यार्थी' आहेत. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली 'डाली' ही साधनं मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत आहेत. त्यात शिक्षकांसाठी पहिली-दुसरी आणि तिसरी ते पाचवी अशा दोन चाळण्या आहेत. त्या वापरल्या असत्या, तरी ती चाळणीच. निदान मानसतज्ज्ञ करतात आणि अपंगत्वाचं प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळ देतं. तुमचा अभ्यास शिक्षकांवर आहे, मुलांवर नाही, त्यामुळे ३१ हा आकडा गोषवाऱ्यातून पूर्णपणे काढला तरी काही बिघडत नाही. काढाच.

हा काटेकोरपणा सीमाभागात जास्त लागतो, आणि हीच तुमच्या प्रबंधाची खरी जमीन आहे. तुमच्या शाळेतल्या चौथीच्या मुलापुढे देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या असतात. कन्नड वाचनात मागे पडलेला मुलगा हा कन्नड घरी न ऐकणारा मुलगा असू शकतो. तेवढ्यावरून शंका घेता येत नाही. शंका घ्यायची ती जेव्हा घरच्या भाषेत, भरपूर सराव मिळूनही, वाचन रखडतं तेव्हा. त्यातही घाई नको. रोमन लिपीत २६ अक्षरांवर भागतं, आपल्याकडे बाराखडी आणि जोडाक्षरं धरून चिन्हांची संख्या शेकड्यांत जाते. कन्नड वाचनावरच्या सोनाली नाग यांच्या अभ्यासांत दिसतं की हे अक्षरज्ञान पहिल्या दोन इयत्तांत संपत नाही, पुढेही चालूच राहतं. म्हणजे दुसरीतल्या मुलाला जोडाक्षर न येणं हे अजून लक्षणच नव्हे.

एक वही समोर धरू. चौथीतल्या मुलाने श्रुतलेखनात 'आनी', 'पानी', 'नदि' लिहिलंय. शिक्षक तिन्हीवर लाल रेघ ओढतो. यातलं पहिलं-दुसरं तो जसं बोलतो तसं आहे आणि तिसरं ऱ्हस्व-दीर्घ आहे, जे भल्याभल्यांचं चुकतं. 'काय करूलालास' असं बोलणाऱ्या घरातलं मूल तसंच लिहील, तो त्याच्या बोलीचा भाग आहे. त्याच पानावर 'शाळेत' हा शब्द एकदा 'शातेळ', एकदा 'शळात' आणि एकदा 'शात' असा आलाय, 'विद्यार्थी'चा रफार 'द्या'वर चढलाय, आणि दहा शब्दांना इतरांच्या दुप्पट वेळ लागलाय. तोंडी विचारलं तर धड्यातलं सगळं येतं. लक्ष द्यायचं ते इथे: ध्वनींचा क्रम बदलणं किंवा ध्वनी गळणं, एकच शब्द दर वेळी वेगळा लिहिला जाणं, आणि वेग. तुमच्या १२० शिक्षकांना या दोन प्रकारच्या चुकांत फरक करता येतो का, हे सज्जतेचं याहून चांगलं माप नाही. मापनीत ते विधान नाही. पण तुमच्या प्रश्नावलीच्या शेवटी 'अशा मुलासाठी तुम्ही काय कराल?' असा खुला प्रश्न आहे, हे मसुद्यातल्या साधनांच्या वाक्यावरून दिसतं. त्याची उत्तरं तुम्ही कुठेच वापरलेली नाहीत. 'जादा शुद्धलेखन लिहून घेईन' असं किती जणांनी लिहिलंय, ते मोजा. शब्द ध्वनींत तोडून घेण्याबद्दल किती जणांनी लिहिलंय, ते मोजा. गोषवाऱ्यातलं सर्वांत ठळक वाक्य बहुधा तिथून निघेल.

प्रशिक्षणाच्या तुलनेकडे वळू. 'सार्थक फरक आढळला' या वाक्यात तीन गोष्टी गायब आहेत. मध्यमानं तुम्ही पाठवली नाहीत, म्हणून इथून पुढचे सगळे आकडे मी दाखवण्यापुरते धरलेले आहेत, हे लक्षात ठेवा. समजा, ४८ प्रशिक्षित शिक्षकांचं मध्यमान ३६ पैकी १९.४ आहे, ७२ अप्रशिक्षितांचं १७.८ आणि दोन्हींचं प्रमाण विचलन ४ च्या आसपास. टी साधारण २.१५ येतो, पी ०.०५ च्या खाली जातो, फरक सार्थक ठरतो. पण तो फरक आहे किती? ३६ विधानांत दीड विधानाचा. म्हणजे प्रशिक्षण घेतलेल्यालाही जवळजवळ निम्मी विधानं येत नाहीत. 'प्रशिक्षणाचा सार्थक परिणाम दिसला' आणि 'प्रशिक्षणाने जेमतेम दीड विधानाचा फरक पडला' ही दोन्ही वाक्यं त्याच आकड्यांतून निघतात, आणि बीईओ साहेबांच्या टेबलावर दोन्हींचे परिणाम वेगळे होतात. म्हणून मध्यमानं द्याच, आणि परिणामाचा आकारही द्या. इथे तो १.६ भागिले ४, म्हणजे ०.४० येतो. 'परिणाम' हा शब्दही जपून वापरा. प्रशिक्षणाला कोण गेलं हे तुम्ही ठरवलेलं नव्हतं. ज्याला आधीच गोडी होती तोच गेला असेल. सर्वेक्षणातून फरक दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

इथे प्रशिक्षणाची भाषा येते. प्रशिक्षितांपैकी किती जणांना ते फक्त कन्नडातून मिळालं, हा आकडा द्या. शिक्षकाला कन्नड येत नाही हा मुद्दा नाहीच, सीमाभागातल्या बहुतेक शिक्षकांना ते येतं. कन्नडातल्या प्रशिक्षणात उदाहरणं कन्नड लिपीची असतात: वत्तक्षर खाली कसं जातं, कुठली अक्षरं एकमेकांसारखी दिसतात. मराठी शाळेतल्या शिक्षकाला वेलांटी आणि रफाराचं काय करायचं ते तिथे कळत नाही. हे तुमचं स्पष्टीकरण आहे, निष्कर्ष नव्हे. त्यामुळे गोषवाऱ्यात 'शक्यता' म्हणून येऊ द्या. मराठीतून किंवा दोन्ही भाषांतून प्रशिक्षण मिळालेला गट नऊ-दहा जणांचाच असेल, तर त्याची टी-चाचणी करू नका. नुसती संख्या द्या.

मसुद्यात 'सेवाकाल' हा चलही आहे आणि 'सेवाकालानुसार फरक आढळला नाही' असं वाक्य आहे. नकारात्मक निष्कर्ष लिहिण्यात काही वावगं नाही, पण तुम्ही गट ०-१०, ११-२० आणि २१ च्या पुढे असे पाडलेत. त्यामागे कारण दिसत नाही. अध्ययन अक्षमता कायद्याच्या यादीत आली ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, आणि तो लागू झाला १९ एप्रिल २०१७ पासून. १९९५ च्या कायद्यात ती नव्हती. बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात समावेशक शाळेचा स्वतंत्र विषय आला तो एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनंतर. जुन्या टीसीएचवाल्या शिक्षकाने हा शब्द वर्गात बसून कधी ऐकलेलाच नसेल. म्हणजे शिक्षक किती वर्षं शिकवतोय यापेक्षा त्याने कुठली पदविका किंवा पदवी कुठल्या साली घेतली, हे विचारणं बरं. ते वर्ष प्रश्नावलीत असेल तर गट त्यावरून पाडून पाहा. नसेल तर सेवाकालाचं वाक्य गोषवाऱ्यातून वगळा आणि आत प्रकरणात ठेवा.

निरीक्षणाचे १२ वर्ग थोडे आहेत. थोडे असणं हा दोष नाही, पण त्यांची टक्केवारी काढणं हा दोष आहे. '२५ टक्के शिक्षकांनी' असं लिहू नका, '१२ पैकी ३ वर्गांत' असं लिहा. पडताळासूचीतल्या सगळ्या बाबी मांडत बसू नका, दोन किंवा तीन निवडा. माझ्या मते या घ्या: अडखळणाऱ्या मुलाला पूर्वतयारीशिवाय उभं करून मोठ्याने वाचायला लावलं का, लेखी उत्तराऐवजी तोंडी उत्तर स्वीकारलं का, आणि शब्द ध्वनींत किंवा अक्षरांत तोडण्याचं काम घेतलं का. पहिलं टाळणं आणि दुसरं करणं या सवलती आहेत आणि तिसरं प्रत्यक्ष शिकवणं. सवलती देणारे शिक्षक भेटतात, तिसरं करणारे क्वचित. हा भेद तक्त्यात दिसत असेल तर तो वर आणा.

आता हे सगळं एकत्र कसं बसतं ते पाहा. आकडे सगळे नमुन्याचे आहेत. ते पुसून तुमच्या तक्त्यांतले भरा, आणि आकडा बदलला की वाक्यही बदला.

> कर्नाटकातील मराठी माध्यमाच्या शाळांत मुले देवनागरी, कन्नड व रोमन या तीन लिप्या शिकतात. अशा वर्गांत डिस्लेक्सियाची लक्षणे ओळखण्यास व त्यानुसार अध्यापन करण्यास शिक्षक कितपत सज्ज आहेत, हे या अभ्यासात पाहिले. सज्जतेचे माहिती, आत्मविश्वास व वर्गातील कृती असे तीन घटक मानले. बेळगाव जिल्ह्यातील ४० शाळांमधील १२० शिक्षकांकडून डिस्लेक्सियाविषयक ३६ विधानांची मापनी (देवनागरीनुसार एका विधानात बदल करून), आत्मविश्वासाची १० विधाने व एक खुला प्रश्न भरून घेतला; तिसरी ते पाचवीच्या १२ वर्गांचे पडताळासूचीने निरीक्षण केले. मापनीवरील ५१ टक्के उत्तरे बरोबर, १९ टक्के चूक व ३० टक्के 'माहीत नाही' अशी होती. उपाययोजनेच्या भागात बरोबर उत्तरे सर्वांत कमी होती (९ पैकी सरासरी ३.४). माहिती व आत्मविश्वास यांत सार्थक सहसंबंध आढळला नाही (आर = ०.१२). प्रशिक्षित शिक्षकांचे (४८) मध्यमान १९.४ व अप्रशिक्षितांचे (७२) १७.८ होते; फरक सार्थक असला तरी लहान होता (डी = ०.४०). प्रशिक्षितांपैकी ३९ जणांना प्रशिक्षण केवळ कन्नडमधून मिळाले होते. खुल्या प्रश्नाला ७४ शिक्षकांनी अधिक शुद्धलेखनाचा सराव हा उपाय सुचवला. शब्द ध्वनींत तोडण्याचा उल्लेख ११ जणांनी केला. १२ पैकी ५ वर्गांत तोंडी उत्तरे स्वीकारली गेली, ध्वनिविषयक काम एका वर्गात दिसले. प्रशिक्षणातील उदाहरणे देवनागरीतील चुकांशी निगडित नसणे हे फरक लहान असण्याचे एक कारण असण्याची शक्यता आहे. अभ्यासात विद्यार्थ्यांची चाचणी घेतलेली नाही. निष्कर्ष निवडलेल्या शाळांपुरते आहेत. मराठी माध्यमाच्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात देवनागरीतील श्रुतलेखनाचे नमुने वापरून चुकांचे वर्गीकरण व ध्वनिविषयक अध्यापन यांचा समावेश करावा, अशी शिफारस आहे.

तीनशे शब्दांच्या आत बसतं, आणि थोडी जागाही उरते. ती भरायची म्हणून 'काळाची गरज' परत आणू नका. उरलेल्या जागेत शाळा कशा निवडल्या ते सांगा, कारण 'निवडलेल्या शाळा' म्हटलं की पुढचा प्रश्न तोच येतो. ओळखीच्या मुख्याध्यापकांमुळे ज्या शाळा मिळाल्या त्या 'सोयीच्या' न्यादर्शात येतात. तुमच्या मसुद्यात 'यादृच्छिक' लिहिलंय. चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक अंकांनी शाळा निवडल्या नसतील, तर तो शब्द काढा. त्याबद्दल गुण जात नाहीत. खोटा 'यादृच्छिक' सापडला तर जातात.

शिफारस एकच ठेवली आहे, आणि ती कुणाला उद्देशून आहे ते तुम्ही ठरवा: डाएटला, की ब्लॉक पातळीवरच्या समावेशक शिक्षणाच्या संसाधन शिक्षकांना. 'शासनाने' असं लिहिलं की ती कुणालाच उद्देशून राहत नाही. शाळेत फिरणारे हे संसाधन शिक्षक मराठी वाचून दाखवणाऱ्या मुलाचं वाचन तपासू शकतात का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही. तेव्हा त्यांच्याबद्दल गोषवाऱ्यात काही विधान करू नका. पुढील संशोधनाच्या यादीत तो चांगला शोभेल.

सूचक शब्द पाच पुरेत: डिस्लेक्सिया, शिक्षक सज्जता, समावेशक वर्ग, मराठी माध्यम, सीमाभाग. 'मंदगती विद्यार्थी' हा शब्द तुमच्या मसुद्यात दोनदा डिस्लेक्सियाच्या जागी आलाय. तो दोन्ही ठिकाणचा काढा. बुद्धी आणि ऐकून समजण्याची कुवत चांगली असूनही वाचन अडतं, हेच तर डिस्लेक्सियात असतं. तुमच्याच मापनीतलं एक विधान तपासतं तो गैरसमज तुमच्या गोषवाऱ्यात असेल, तर परीक्षक तिथेच थांबतील.

आणखी एक बघा. मसुद्याच्या शेवटी तुम्ही निरीक्षण केलेल्या वर्गांचं वर्णन तालुका, इयत्ता आणि 'द्विशिक्षकी शाळा' असं दिलंय. खानापूरच्या जंगलपट्ट्यात दोन शिक्षकांची मराठी शाळा म्हटलं की नाव न घेताही शिक्षक कोण ते अख्ख्या सीआरसीला कळतं. त्या वर्गात काय दिसलं नाही हेही तुम्ही त्याच वाक्यात लिहिलंय. गोषवाऱ्यात 'जिल्ह्यातील १२ वर्ग' एवढंच ठेवा. आत प्रकरणात वर्गांना क, ख, ग अशी अक्षरं द्या आणि पटसंख्या नेमकी न देता '३० च्या आत', '३० च्या वर' अशी द्या. परिशिष्टात जोडलेल्या पडताळासूचीच्या झेरॉक्सवर शाळेचा शिक्का आणि यू-डायस क्रमांक राहिलाय, तो बांधणीला देण्याआधी झाकून नवी प्रत काढा.